चार्ज देताना काय बोलावं?

सोसायटीच्या वार्षिक सभेत मावळत्या सेक्रेटरीला बोलायला उभं करतात ती वेळ बहुधा वाईट असते. हिशेब मंजूर झालेले असतात, पार्किंगवरून व्हायचं ते भांडण होऊन गेलेलं असतं, आणि सभागृहाच्या मागच्या बाजूने वड्यांचा वास येत असतो. शाल-श्रीफळ हातात पडतं आणि कोणीतरी म्हणतं, 'साहेब, दोन शब्द बोला.' मग साहेब सर्वांचे मनापासून आभार मानतात, माझ्याकडून काही चुकलं असेल तर पोटात घाला म्हणतात, आणि बसतात. एखाद्याच्या मनात पाच वर्षांचं साचलेलं असेल तर तो वीस मिनिटं बोलतो आणि वडे गार होतात.

दोन्ही प्रकारांत एक चांगली संधी वाया जाते. सेक्रेटरीचं निरोपाचं भाषण हा चार्ज देण्याचाच भाग आहे. कागद कपाटातून कपाटात जातात, पण त्या कागदांमागचं अर्धवट काम नव्या माणसाला समजेलच असं नाही. शिवाय ते सगळ्या सभासदांच्या साक्षीने एकदाच सांगता येतं. दुसऱ्या दिवसापासून सेक्रेटरी हा फक्त एका फ्लॅटचा मालक असतो.

कायद्याने चार्ज म्हणजे काय ते आधी पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० प्रमाणे नवी समिती निवडून आली की मावळत्या अध्यक्षांनी समितीच्या ताब्यातले सगळे कागद आणि मालमत्ता नव्या अध्यक्षांच्या स्वाधीन करायची असते. त्यांनी टाळाटाळ केली तर निबंधक लेखी आदेश काढू शकतात. कायद्यात नाव अध्यक्षांचं असलं तरी दप्तर असतं सेक्रेटरीकडे, त्यामुळे यादी करायला बसतो तोच. सदस्यांची आय आणि जे नमुन्यातली नोंदवही, भागांची नोंदवही, नामनिर्देशनांची नोंदवही, समितीच्या आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तांची वेगवेगळी वह्या, ठेवींच्या पावत्या, करारपत्रं, बिल्डरने दिलेले मंजूर नकाशे, शिक्का, किल्ल्या. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. हे झालं नाही तर भाषण कितीही चांगलं झालं तरी उपयोग नाही, कारण पुढे वाद झाला तर टाळ्या पुरावा म्हणून चालत नाहीत.

आणखी एक बारकावा आहे. निवडणुकीनंतर नवी समिती तिच्या पहिल्या बैठकीत आपल्यातून अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार निवडते. त्यामुळे सभेत भाषण होतं तेव्हा पुढचा सेक्रेटरी कोण हे बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. म्हणूनच शिल्लक कामं कोणा एका व्यक्तीला उद्देशून सांगू नयेत. ती 'समितीकडे सोपवतो' म्हणावं आणि इतिवृत्तात तशीच लिहून घ्यावीत.

आता एक नमुना घेऊ. ठाण्याजवळची, नव्वदच्या दशकात बांधलेली, ए आणि बी अशा दोन विंग आणि ४८ सदनिकांची एक सोसायटी डोळ्यांपुढे आणा. सेक्रेटरीची पाच वर्षांची मुदत संपली आहे. त्याच्या हातात एकच कागद आहे आणि त्यावर आभार आधी, कामं नंतर.

आभारांपासूनच गोष्ट बदलते. नेहमीचं वाक्य असतं 'सर्वांनी सहकार्य केलं', आणि त्यातून नव्या समितीला काहीच कळत नाही. आपला सेक्रेटरी असं बोलतो:

'१०४ मधल्या काकांचे आभार. मागे रस्त्याचं खोदकाम झालं तेव्हा जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनचा नकाशा त्यांनी हाताने काढून दिला. तो दप्तरात आहे. पण बी विंगच्या मागचा एक कॉक त्या नकाशात आलेला नाही. तो कुठे आहे ते काकांनाच माहीत. पावसाळा संपला की त्यांना बरोबर घेऊन तिथे रंगाने खूण करून घ्या. खजिनदार वहिनींचे आभार. दर महिन्याला बँकेचा ताळमेळ त्यांनी स्वतः लावला, म्हणून मार्चअखेर न वटलेल्या चेकची यादी आज तयार आहे. आणि ३०२ मधल्या साहेबांचेही आभार. गच्चीच्या कामाला त्यांनी भर सभेत विरोध केला होता. त्यांच्या हट्टामुळे तीन दरपत्रकं मागवावी लागली. तिन्ही फाइलमध्ये आहेत.'

या तीन आभारांतून नव्या समितीला तीन गोष्टी मिळाल्या: एक माहीतगार माणूस, एक ताळमेळ आणि एका निर्णयाचं कारण. चार लोकांची नावं घेतली की पाचवा रुसतो हे खरं आहे. पण त्या भीतीने सगळ्यांचेच सरसकट आभार मानले तर कोणाचेच मानल्यासारखे होत नाहीत. माझ्या मते ज्याच्याकडे पुढे काही विचारायला जावं लागणार आहे त्याचं नाव घ्यावंच, बाकीच्यांना हात जोडावेत. विरोध करणाऱ्याचे आभार मात्र विसरू नयेत. त्याच्यामुळे कुठले कागद झाले ते सांगितलं की खोचकपणाही राहत नाही.

यानंतर कामं. इथे बहुतेकजण एकच वाक्य बोलतात: 'काही किरकोळ कामं बाकी आहेत, फाइलमध्ये सगळं आहे.' फाइलमध्ये सगळं नसतं. कंत्राटदाराशी फोनवर ठरलेलं, प्लंबरला जिन्यात दिलेलं आश्वासन, बँकेतल्या साहेबांनी तोंडी सांगितलेली अडचण, यातलं काहीच फाइलमध्ये नसतं. प्रत्येक कामाबद्दल सभासदांना चार गोष्टी कळल्या पाहिजेत: काम कुठवर आलं, पुढची तारीख कोणती, त्यात सोसायटीचे किती पैसे गुंतलेत आणि कागद कुठे आहेत. क्रमही तारखेनेच लावावा. ज्याची तारीख जवळ ते आधी. महत्त्वावरून क्रम लावायला गेलं तर सगळ्यांत मोठं काम आधी येतं, लोक त्यावर चर्चा सुरू करतात, आणि पुढच्या आठवड्यातली तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आपल्या नमुन्यात पहिली तारीख गच्चीची आहे. वॉटरप्रूफिंगचं काम पावसाच्या आधी झालं. कराराची रक्कम ४,८०,००० रुपये. त्यातले पाच टक्के, म्हणजे २४,००० रुपये, दोन पावसाळे गळती झाली नाही तरच द्यायचे असं ठरलं होतं. एक पावसाळा आता संपत आला आहे. अशी रोखलेली रक्कम चार्जच्या वेळी हमखास हातातून निसटते. कंत्राटदाराला समिती बदलल्याचं कळतं. तो नव्या खजिनदाराला भेटतो, जुन्या समितीने बिल थकवलं म्हणतो. ताळेबंदात ती रक्कम 'देणी' म्हणून दिसतेच. खजिनदार चेक काढून मोकळा होतो. पुढच्या जुलैत वरच्या मजल्यावर ओल आली की कंत्राटदार फोन उचलत नाही. म्हणून सेक्रेटरी सांगतो:

'गच्चीच्या कंत्राटदाराचे २४,००० रुपये मुद्दाम रोखले आहेत. दुसरा पावसाळा संपेपर्यंत ते द्यायचे नाहीत. त्याचं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर आहे, करारांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर. त्यातली एक अट सर्वांना लागू आहे: गच्चीच्या लादीला कोणीही भोक पाडायचं नाही. डिश असो, मांडवाचा खांब असो, सोलरचा सांगाडा असो, भोक पडलं की हमी संपली. या पावसात बी विंगच्या जिन्यावर एक ओला डाग दिसला होता. त्याचा तारखेसह फोटो आणि कंत्राटदाराला पाठवलेलं पत्र फाइलमध्ये आहे.'

भोकाची अट सभासदांना याआधी कधी वाचून दाखवली नसण्याची शक्यता मोठी आहे. हमी बुडते ती अशाच ठिकाणी, आणि बुडवणारा कंत्राटदार नसून चौथ्या मजल्यावरचा एखादा क्रिकेटवेडा असतो. असलं वाक्य सर्वांसमोर बोलायला या भाषणाइतकी चांगली जागा नाही.

दुसरं काम नाजूक आहे: एका दिवंगत सदस्याच्या भागांचं हस्तांतरण. ते कसं सांगावं यात सेक्रेटरीचा कस लागतो, कारण घरातले लोक सभेत बसलेले असतात. समजा त्या सदस्याने एका मुलाच्या नावे नामनिर्देशन केलं होतं. मुलाचा अर्ज आला आहे आणि मुलीचं हरकतीचं पत्रही आलं आहे. पुष्कळ ठिकाणी अजूनही समज असा आहे की ज्याचं नामनिर्देशन त्याचा फ्लॅट. तसं नाही. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सदस्याच्या निधनानंतर मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र, किंवा वारसांनी मिळून केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतरण होतं. कायदेशीर वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला सोसायटी तात्पुरतं सदस्य करून घेते. म्हणजे बिलं कोणाच्या नावे काढायची आणि नोटीस कोणाला द्यायची हा सोसायटीचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटतो. मालकी कोणाची हे सोसायटीने ठरवायचं नसतं.

नवा सेक्रेटरी पहिल्याच महिन्यात इथे अडकतो. कोणीतरी सायंकाळी घरी येतं, 'काका, एवढी एक सही राहिली होती' म्हणतं, आणि भाग दाखल्याच्या मागच्या बाजूला नव्या नावाची नोंद होऊन जाते. नंतर बहिणीच्या वकिलाची नोटीस येते ती सोसायटीच्या नावाने. त्यामुळे भाषणात नाव आणि फ्लॅट नंबर न घेता इतकंच सांगावं:

'एका दिवंगत सदस्याच्या भागांच्या हस्तांतरणाचा अर्ज प्रलंबित आहे. अर्ज आणि हरकत दोन्ही समितीकडे आलेली आहेत. समितीने तात्पुरत्या सदस्यत्वाचा ठराव केला आहे. त्यापलीकडे काहीही केलेलं नाही. भाग दाखल्यावर नोंद झालेली नाही. वारसांचा कागद आल्याशिवाय ती करू नये असं त्याच ठरावात लिहिलं आहे.'

थकबाकीचंही असंच. एकूण रक्कम सांगावी, किती प्रकरणं निबंधकांकडे वसुलीच्या दाखल्यासाठी गेली आहेत ते सांगावं. नावं फाइलमध्ये राहू द्यावीत. निरोपाच्या दिवशी कोणाचं नाव घेऊन बिल वाचलं की पुढची पाच वर्षं ते भांडण नव्या समितीच्या अंगावर येतं.

तिसरं काम सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत जास्त गैरसमजाचं: डीम्ड कन्व्हेयन्स, सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण. १९६३ च्या मोफा कायद्याखाली सोसायटी नोंदली गेल्यानंतर चार महिन्यांच्या आत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. असंख्य बिल्डरांनी ते केलंच नाही. म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सोसायटीला बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावावर करून घेण्याचा मार्ग मिळाला. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा, ते सुनावणी घेतात आणि आदेश व प्रमाणपत्र देतात.

गंमत अशी की आदेश आला की सोसायटीत पेढे वाटले जातात आणि काम संपलं असं सगळे धरून चालतात. वास्तविक तिथून पुढे तीन दारं ओलांडायची असतात. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी जातो, म्हणजे किती मुद्रांक शुल्क लागेल ते तिथे ठरतं. मग दुय्यम निबंधकांकडे दस्ताची नोंदणी. शेवटी भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव. हे नाव चढेपर्यंत काम झालं असं म्हणू नये. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की समोरचा पहिल्यांदा हेच पत्रक मागतो.

आपल्या नमुन्यातली सोसायटी पहिल्या दारात थांबली आहे. सदनिकांवर आधीच भरलेलं मुद्रांक शुल्क तिथे धरलं जातं, पण त्यासाठी प्रत्येक फ्लॅटच्या मूळ करारावर शुल्क भरल्याचा आणि नोंदणीचा पुरावा लागतो. ४८ पैकी ४५ फ्लॅटचे कागद जमले आहेत. तीन बाकी आहेत. ते तीन असे का राहतात ते सांगण्यासारखं आहे. फ्लॅट दोनदा-तीनदा विकला गेलेला असतो. आजच्या मालकाकडे स्वतःच्या खरेदीचे कागद व्यवस्थित असतात, पण बिल्डरने पहिल्या ग्राहकाशी केलेला करार त्याने कधी पाहिलेलाच नसतो. तो मूळ करार मागच्या मालकाकडे असतो, किंवा कर्ज घेताना बँकेत ठेवलेला असतो. अशा वेळी दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू आणि कराराची प्रमाणित प्रत काढता येते, पण करार मुळात नोंदलेलाच नसेल तर शुल्क आणि दंडाचा प्रश्न उभा राहतो. सेक्रेटरीने हे असं सांगावं:

'उपनिबंधकांचा आदेश मिळाला आहे, पण जमीन अजून आपल्या नावावर झालेली नाही. तीन फ्लॅटचे मूळ करार बाकी आहेत. त्यांतल्या दोघांचे करार कर्जामुळे बँकेत आहेत, त्यांनी बँकेकडून प्रत मागवली आहे. तिसऱ्याचा शोध दुय्यम निबंधक कार्यालयात घ्यावा लागेल. वकिलांची निम्मी फी दिली आहे, उरलेली मालमत्ता पत्रकावर नाव चढल्यावर द्यायची. वकिलांचं तसं पत्र आहे.'

इथेही निम्मी फी आणि ती कधी द्यायची हे वाक्य सगळ्यांत कामाचं. अपुऱ्या कामाचे पूर्ण पैसे देऊन झाले की ते काम बहुधा अपुरंच राहतं.

लेखापरीक्षणाचा विषय मात्र दोन ओळींत संपवावा. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल, ज्याला सगळे 'ओ फॉर्म' म्हणतात, अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो गेला की राहिला एवढंच सांगायचं. राहिला असेल तर तारीख सांगायची. इमारत ३० वर्षांवर गेली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं, त्याचीही पुढची तारीख इथेच.

यादीत कधीच न येणारी एक गोष्ट हल्ली सगळ्यांत जास्त गोंधळ करते. पाच वर्षांत सेक्रेटरीचा स्वतःचा मोबाइल नंबर ठिकठिकाणी नोंदला गेलेला असतो: बँकेत, वीज कंपनीकडे, आयकराच्या पोर्टलवर, सीसीटीव्हीच्या ॲपमध्ये, लिफ्टच्या कंपनीच्या तक्रार नोंदीत. चार्ज दिला तरी ओटीपी त्याच्याच फोनवर येत राहतात. तो मुलाकडे पुण्याला गेलेला असतो आणि इकडे बिल भरायचं अडतं. बँकेतल्या सह्या बदलायला नव्या समितीच्या ठरावाची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांचे ओळखीचे कागद लागतात, आणि त्याला दिवस जातात. त्या मधल्या काळात वॉचमनचा पगार आणि सामायिक विजेचं बिल थांबू शकत नाही. शहाणा सेक्रेटरी जाण्याआधीच त्या महिन्याची देणी भागवून ठेवतो. काहीजण याऐवजी कोऱ्या चेकवर सह्या करून देतात, 'तेवढीच सोय' म्हणून. हे कधीही करू नये. पद सोडल्यावर आपल्या सहीने निघालेल्या चेकबद्दल प्रश्न आला तर उत्तर देणं फार अवघड होतं.

ठेवींचंही इथेच उरकावं. सिंकिंग फंडाची ठेव कोणत्या बँकेत, मुदत कधी संपते, आपोआप नूतनीकरण होणार आहे का. मोठ्या दुरुस्तीसाठी ती मोडायची असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, तेव्हा मुदत संपण्याआधी सभेत विषय आणायचा की नाही हे समितीला ठरवता येतं.

एवढं सगळं दहा मिनिटांत बसतं, कागद लिहून आणला तर. न लिहिता बोललं तर अर्धा तास लागतो आणि त्यात आठवणीच जास्त येतात. हाच कागद यादीसोबत जोडावा आणि इतिवृत्तात 'मावळत्या सचिवांचे निवेदन सोबत जोडले आहे' असं एक वाक्य घालून घ्यावं. पुढच्या समितीला आदेश मात्र देऊ नयेत. 'लिफ्ट बदलाच', 'त्या कंत्राटदाराला पुन्हा बोलवा' असलं सांगायचा अधिकार त्या दिवशी संपलेला असतो. काम कुठे आहे तेवढं सांगायचं, पुढे काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. आपल्या नमुन्यातल्या सेक्रेटरीने शेवट असा केला:

'बी विंगच्या मीटरच्या खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, ती आत्ता अध्यक्षांकडे देतो. यादीवर तेवढी एकच नोंद राहिली होती. माझा नंबर बँकेतून काढून टाकण्याचा अर्ज मी सही करून ठेवला आहे, नवा नंबर तेवढा भरा. काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर घरी या, चहा घेऊन जा. येताना चेकबुक मात्र आणू नका.'